लडाखचा पेच : अधिकार किती, यापेक्षा ते परत कोण घेऊ शकतो?

नवी दिल्ली : लडाखमधील सरकारी नोकऱ्यांत आरक्षणाची मर्यादा ८५ टक्क्यांपर्यंत वाढविण्याचा निर्णय जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीचे १० टक्के आरक्षण या मर्यादेबाहेर ठेवण्यात आले. त्याच दिवशी अधिवासाची अटही निश्चित झाली. स्थानिक नोकरीसाठी पात्र ठरायचे असेल, तर बाहेरून आलेल्या व्यक्तीचे लडाखमधील वास्तव्य १५ वर्षांचे असावे आणि ही मुदत ३१ ऑक्टोबर २०१९ पासून मोजावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे अशा व्यक्तीला केवळ वास्तव्याच्या आधारे २०३४ च्या ऑक्टोबरअखेरपूर्वी पात्र ठरता येणार नाही. इंग्रजी, हिंदी, उर्दू, भोटी आणि पुरगी या पाच भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला, तर लेह आणि कारगिल येथील पर्वतीय विकास परिषदांत महिलांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या.

देशातील कोणत्याही राज्यात यांपैकी एकेक निर्णयावर विधानसभेत दिवसभर चर्चा झाली असती. लडाखच्या बाबतीत त्यासाठी कोणत्याही सभागृहात मतदान झाले नाही, कारण मतदान घेण्यासाठी तेथे सभागृहच नाही. राष्ट्रपतींनी राज्यघटनेच्या अनुच्छेद २४० अन्वये चार विनियम जारी केले, ते राजपत्रात प्रसिद्ध झाले आणि लागू झाले. लडाखच्या अनेक वर्षांच्या मागण्यांपैकी काही अशा रीतीने एका सकाळी मान्य झाल्या.

त्यानंतर चार महिन्यांच्या आत, २४ सप्टेंबर २०२५ रोजी, लेहमध्ये उपोषणाच्या पाठिंब्यासाठी निघालेल्या जमावाचे आंदोलन हिंसक झाले. भारतीय जनता पक्षाचे कार्यालय जाळण्यात आले आणि गोळीबारात चार जणांचा मृत्यू झाला. त्यांत एक माजी सैनिक होता. दोनच दिवसांनी शिक्षणतज्ज्ञ सोनम वांगचुक यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली ताब्यात घेऊन जोधपूरच्या तुरुंगात पाठविण्यात आले. गोळीबाराच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश बी. एस. चौहान यांची नियुक्ती झाली आणि खंडित झालेली चर्चा २२ ऑक्टोबर रोजी पुन्हा सुरू झाली.

नोकऱ्या मिळाल्या, भाषा मिळाल्या, तरी असंतोष का शमला नाही, असा प्रश्न दिल्लीत अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर लडाखला काय मिळाले यापेक्षा ते कोणत्या दस्तऐवजाने मिळाले यात शोधावे लागते.

राज्याचा अधिकार आणि केंद्रशासित प्रदेशाचा अधिकार

राज्य आणि केंद्रशासित प्रदेश यांतील फरक सामान्यतः मुख्यमंत्री आहे की नाही, यावरून ओळखला जातो. ही खूण फसवी आहे, कारण पुद्दुचेरीत आणि दिल्लीतही मुख्यमंत्री आहेत. खरा फरक अनुच्छेद २४६ मध्ये आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत जमीन, पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती असे विषय आहेत आणि त्यांवर कायदे करण्याचा अधिकार त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने एरवी केवळ राज्य विधिमंडळाला दिला आहे. हा अधिकार राज्याला केंद्राने बहाल केलेला नाही, तो थेट घटनेतून आलेला आहे. चौथा खंड मात्र केंद्रशासित प्रदेशांसाठी ही सूचींची विभागणीच बाजूला ठेवतो. तेथे संसद राज्यसूचीतील विषयांवरही कायदा करू शकते.

लडाखच्या बाबतीत संसदेचीही गरज पडत नाही. जम्मू-काश्मीर पुनर्रचना अधिनियम, २०१९ च्या कलम ५८ नुसार या प्रदेशाचा कारभार राष्ट्रपती नायब राज्यपालांमार्फत चालवितात आणि शांतता, प्रगती व सुशासन यांसाठी अनुच्छेद २४० अन्वये विनियम करू शकतात. अशा विनियमाला संसदेच्या कायद्याइतकेच बळ असते. त्या प्रदेशापुरता संसदेचा एखादा कायदा बदलण्याची किंवा रद्द करण्याची ताकदही त्यात असते. राष्ट्रपती हे काम मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात. व्यवहारात याचा अर्थ, मसुदा गृह मंत्रालयात तयार होतो.

आता जूनमधील चार विनियमांकडे पुन्हा पाहावे. १५ वर्षांची अधिवासाची अट ज्या लेखणीने घातली, तीच लेखणी उद्या ती ५ वर्षांवर आणू शकते. त्यासाठी लडाखमधील एकाही लोकप्रतिनिधीच्या संमतीची गरज नाही. सरकारचा तसा इरादा आहे, असे कोणी म्हणत नाही. परंतु इरादा हा सरकारागणिक बदलतो, आणि लेह-कारगिलच्या नेत्यांचा आक्षेप नेमका तेवढाच आहे. शिवाय या चार विनियमांत जमिनीबाबत काहीही नव्हते. २०१९ पूर्वी अनुच्छेद ३५अ मुळे बाहेरील व्यक्तीला जम्मू-काश्मीर राज्यात, म्हणजेच लडाखमध्येही, स्थावर मालमत्ता घेता येत नसे. ते संरक्षण गेल्यानंतर त्याच्या जागी तितकेच भक्कम असे दुसरे काही आलेले नाही.

प्रतिनिधित्वाचा हिशेबही बोलका आहे. पूर्वीच्या जम्मू-काश्मीर विधानसभेत लेह, नुब्रा, कारगिल आणि झंस्कार असे लडाखचे चार आमदार असत. ८७ सदस्यांच्या सभागृहात हा आवाज क्षीण होता आणि श्रीनगर आपल्याकडे दुर्लक्ष करते ही लेहची तक्रार जुनी होती. १९८९ मध्ये लेहमध्ये केंद्रशासित दर्जासाठी मोठे आंदोलन झाले होते. म्हणूनच ऑगस्ट २०१९ मधील निर्णयानंतर लेहमध्ये आनंद व्यक्त झाला, तर कारगिलमध्ये निषेध. आज मात्र दोन्ही जिल्हे एका व्यासपीठावर आहेत. लडाखकडे आता लोकसभेची एक जागा आहे आणि राज्यसभेत एकही नाही, कारण राज्यसभेचे सदस्य विधानसभा निवडते. २०११ च्या जनगणनेनुसार २,७४,२८९ लोकांचा, पण क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठ्या मतदारसंघांत गणला जाणारा हा प्रदेश एका खासदाराच्या खांद्यावर आहे.

विधानसभा मिळाली, तरी प्रश्न संपतो असे नाही. दिल्लीला १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने विधानसभा मिळाली. सनदी अधिकाऱ्यांच्या बदल्या कोणी करायच्या, हा वाद वर्षानुवर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी तो निर्वाचित सरकारच्या बाजूने सोडविला. आठच दिवसांनी, १९ मे रोजी, केंद्राने वटहुकूम काढून तो अधिकार एका प्राधिकरणाकडे सोपविला आणि ऑगस्टमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. मुख्यमंत्री या प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत, परंतु उरलेले दोन सदस्य अधिकारी असल्याने त्यांना बहुमताने बाजूला सारता येते आणि मतभेद झाल्यास अंतिम शब्द नायब राज्यपालांचा असतो. एखाद्या पूर्ण राज्याच्या सेवांबाबत केंद्राला असा वटहुकूम काढताच आला नसता.

अनुच्छेद २४० या आकड्याची धास्ती लडाखपुरती मर्यादित नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चंडीगडला या अनुच्छेदाच्या यादीत आणणाऱ्या घटनादुरुस्ती विधेयकाचा उल्लेख संसदेच्या नियोजित कामकाजात दिसताच पंजाबमधील पक्ष आपापसातील वैर विसरून एकत्र आले. हिवाळी अधिवेशनात असे विधेयक आणण्याचा इरादा नसल्याचे गृह मंत्रालयाला तातडीने जाहीर करावे लागले. चंडीगड आजही केंद्रशासितच आहे आणि त्यासाठीचे कायदे संसद करते. तरीही कायदा संसदेत होणे आणि विनियम मंत्रालयात तयार होणे यांतील अंतर पंजाबच्या राजकारण्यांनी अचूक ओळखले.

परिषद आहे, पण कोणत्या जातीची?

लडाखमध्ये निवडून आलेली संस्थाच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. लेहमध्ये १९९५ पासून आणि कारगिलमध्ये २००३ पासून स्वायत्त पर्वतीय विकास परिषद आहे. प्रत्येकीत ३० सदस्य असतात, त्यांतील २६ निवडून येतात आणि चार नामनिर्देशित असतात. परिषदेचा प्रमुख मुख्य कार्यकारी पार्षद म्हणून ओळखला जातो. जिल्ह्याचा विकास आराखडा, त्यासाठीचा निधी, काही खात्यांवरील देखरेख ही कामे परिषदेकडे आहेत.

नाव भारदस्त असले, तरी ही परिषद जम्मू-काश्मीर विधिमंडळाच्या १९९७ च्या कायद्याने चालते. तो कायदा करणारे विधिमंडळ आता लडाखसाठी उरलेले नाही, त्यामुळे त्यात बदल करण्याचा अधिकार केंद्राकडे आला आहे. महिलांच्या राखीव जागांचा बदल विनियमाने झाला तो याच वाटेने. परिषद स्वतः कायदा करू शकत नाही. तिचे अधिकारी प्रशासनाकडून येतात आणि जिल्ह्याचा उपायुक्त तिचे प्रशासन सांभाळतो. महाराष्ट्रातील वाचकाला याची जवळची उपमा शोधायची झाल्यास ती १९६१ च्या कायद्याखालील जिल्हा परिषदेची ठरेल. फरक इतकाच, की महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या वर तिला जाब देणारी आणि तिच्याकडून जाब घेणारी एक विधानसभा आहे.

सहाव्या अनुसूचीतील स्वायत्त जिल्हा परिषद ही वेगळ्या जातीची संस्था आहे, आणि लेह सर्वोच्च मंडळ व कारगिल लोकशाही आघाडी या दोन्ही संघटना तीच मागत आहेत. अनुच्छेद २४४(२) अन्वये सध्या आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम यांतील आदिवासी क्षेत्रांना ती लागू आहे. तेथील परिषद राखीव जंगलाखेरीजची जमीन व जंगल, गावपरिषदा, वारसा, विवाह, सामाजिक रूढी यांवर स्वतः कायदे करते. ती स्थानिक न्यायालये स्थापन करू शकते, काही कर बसवू शकते आणि खनिजांच्या स्वामित्वधनात तिचा वाटा असतो. गडचिरोली किंवा नंदुरबारमध्ये लागू असलेल्या पाचव्या अनुसूचीशी हिची गल्लत होऊ नये. पाचव्या अनुसूचीत मुख्य अधिकार राज्यपालांच्या हाती असतो आणि आदिवासी प्रतिनिधींची परिषद केवळ सल्ला देते. सहाव्या अनुसूचीत परिषद स्वतः कायदे करते.

लडाखची पात्रता लोकसंख्येच्या निकषावर वादातीत आहे. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने सप्टेंबर २०१९ मध्येच, म्हणजे केंद्रशासित दर्जा प्रत्यक्षात येण्याआधी, आदिवासींचे प्रमाण ९७ टक्क्यांहून अधिक असल्याचे नमूद करून सहाव्या अनुसूचीची शिफारस केली होती. २०२० च्या लेह परिषद निवडणुकीत भाजपच्या जाहीरनाम्यात या अनुसूचीचे आश्वासन होते आणि पक्षाने ती निवडणूक जिंकली. आंदोलकांच्या भाषणांत त्या जाहीरनाम्याचा उल्लेख वारंवार येतो, तो यामुळे.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो, की सहावी अनुसूची राज्यांसाठी आहे, केंद्रशासित प्रदेशासाठी नाही. इतिहास या आक्षेपाला साथ देत नाही. मिझोराम जानेवारी १९७२ पासून फेब्रुवारी १९८७ पर्यंत केंद्रशासित प्रदेश होता आणि त्या सर्व काळात तेथील पावी, लाखेर आणि चकमा जिल्हा परिषदा सहाव्या अनुसूचीखालीच काम करीत होत्या. घटनेच्या मजकुरात तेव्हा ‘मिझोराम केंद्रशासित प्रदेश’ असे शब्दही होते. राज्यपालांच्या जागी प्रशासक, एवढा बदल वाचून अनुसूची लागू करता येते, हे तेव्हा दिसून आले.

सहाव्या अनुसूचीच्या मर्यादा

मात्र याच ठिकाणी मागणीतील एक कच्चा दुवाही उघड होतो, आणि त्यावर लेहमधील सभांत क्वचितच बोलले जाते. सहाव्या अनुसूचीखाली परिषदेने संमत केलेला कायदा राज्यपालांच्या संमतीशिवाय अमलात येत नाही. मेघालयात किंवा आसामात राज्यपालांच्या मागे निवडून आलेले एक मंत्रिमंडळ असते आणि त्यात परिषदेच्या भागातील आमदार असतात. लडाखला विधानसभेविना ही अनुसूची मिळाली, तर संमतीची फाइल नायब राज्यपालांच्या टेबलावर जाईल आणि त्यांची नियुक्ती केंद्र करते. कायदा करणारी परिषद लेहची, तो अडविण्याचा अधिकार मात्र दिल्लीचा, अशी ती रचना होईल.

बोडोलँडचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. २००३ च्या करारानंतर बोडोलँड प्रादेशिक परिषदेला सहाव्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि तिच्याकडे इतर परिषदांपेक्षा कितीतरी अधिक, ४० हून जास्त विषय सोपविण्यात आले. परंतु एप्रिल २०२० मध्ये तिची मुदत संपली, करोना साथीमुळे निवडणूक लांबली आणि परिषदेचा कारभार राज्यपालांनी हाती घेतला. डिसेंबरमध्ये निवडणूक होईपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. पैशाचा प्रश्न तर सर्वच परिषदांना भेडसावतो. स्वतःचे उत्पन्न तोकडे आणि अनुदान राज्य सरकारच्या हाती, यामुळे कायदा करण्याची मुभा असूनही तो राबविण्याची ताकद उरत नाही. या परिषदांचा विचार वित्त आयोगाच्या कक्षेत आणणारे १२५ वे घटनादुरुस्ती विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण त्यानंतरच्या अनेक वर्षांत ते पुढे सरकले नाही.

जमिनीबाबतची अपेक्षा आणि अनुसूचीचा प्रत्यक्ष मजकूर यांतही अंतर आहे. लडाखच्या पूर्वेकडील पांग परिसरात १३ गिगावॉट क्षमतेचा अपारंपरिक ऊर्जा प्रकल्प नियोजित आहे. तेथील वीज वाहून नेणाऱ्या सुमारे २०,७७३ कोटी रुपयांच्या वाहिनीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. चांगथांग भागातील पश्मिना शेळ्या पाळणाऱ्या भटक्या चांगपांना आपली कुरणे जाण्याची भीती वाटते. सहावी अनुसूची आली की हा प्रकल्प परिषदेच्या परवानगीविना होणार नाही, असा समज आंदोलनात रूढ आहे. प्रत्यक्षात अनुसूचीच्या तिसऱ्या परिच्छेदातच असे म्हटले आहे, की परिषदेच्या जमीनविषयक कायद्याने सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकारने करावयाच्या सक्तीच्या भूसंपादनाला बाधा येणार नाही. खासगी खरेदीदाराला परिषद रोखू शकेल, सरकारी भूसंपादनाला नाही. चांगपांच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही.

आणखी एक तरतूद अनुसूचीच्या अखेरीस, २१ व्या परिच्छेदात आहे. संसद साध्या कायद्याने या अनुसूचीत भर घालू शकते, बदल करू शकते किंवा तिचा भाग रद्द करू शकते आणि तसे केल्यास ती अनुच्छेद ३६८ खालील घटनादुरुस्ती मानली जाणार नाही. दोनतृतीयांश बहुमताची अट त्यामुळे लागत नाही. त्रिपुराला अनुच्छेद २४४(२) मध्ये आणण्यासाठी १९८४ मध्ये ४९ वी घटनादुरुस्ती करावी लागली होती. लडाखसाठीही तसेच करावे लागेल. म्हणजे आत प्रवेश करण्यासाठी घटनादुरुस्ती लागते, पण आतील व्यवस्था बदलण्यासाठी साधे बहुमत पुरते. विनियमापेक्षा हे संरक्षण निश्चितच वरचे आहे, कारण ते बदलण्यासाठी निदान संसदेत उघड चर्चा करावी लागते. तथापि ‘घटनात्मक हमी’ या शब्दातून जो अभेद्यपणा सूचित होतो, तो त्यात नाही.

अनुच्छेद ३७१ आणि नागालँडचा दाखला

सहाव्या अनुसूचीऐवजी अनुच्छेद ३७१ च्या धर्तीवर काही तरतुदी द्याव्यात, असा पर्याय चर्चेच्या विविध टप्प्यांवर पुढे आला आहे. येथे महाराष्ट्रातील वाचकांना एक गोष्ट चटकन कळेल. ३७१ या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही. अनुच्छेद ३७१(२) महाराष्ट्राला आणि गुजरातला लागू आहे. त्यातून विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. नागालँडसाठीचा ३७१अ मात्र पूर्णपणे निराळा आहे. नागांच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढीविषयक कायदा, जमीन व साधनसंपत्तीची मालकी आणि हस्तांतर यांबाबत संसदेने केलेला कायदा नागालँड विधानसभेने तसा ठराव केल्याखेरीज तेथे लागूच होत नाही. १९८७ मध्ये मिझोरामला राज्याचा दर्जा मिळताना ३७१ग मध्ये प्रथा, रूढीविषयक कायदा आणि जमिनीची मालकी व हस्तांतर यांबाबत जवळपास तसेच संरक्षण मिळाले.

या दोन अनुच्छेदांचे बळ त्यांतील एका अटीत आहे. ती अट विधानसभेच्या ठरावाची आहे. लडाखला विधानसभाच नसेल, तर ठराव कोण करणार? तो अधिकार पर्वतीय परिषदांना देता येईल, तसे घटनेत लिहिताही येईल, पण तशी तरतूद आजवर कोणत्याही प्रदेशासाठी झालेली नाही. ‘३७१ देऊ’ या वाक्याचा अर्थ म्हणूनच संमती देणारी संस्था कोणती, हे कळल्याशिवाय लागत नाही. नकार देण्याचा अधिकार कोणालाच नसलेला ३७१ लडाखच्या हाती पडला, तर त्याची अवस्था विकास मंडळांसारखी होण्याची शक्यता अधिक.

राज्याच्या दर्जाची मागणी अतिरेकी वाटते, पण ती याच तर्कातून येते. केंद्राची बाजूही विचारात घ्यावी लागेल. चीन आणि पाकिस्तान या दोन्हींना लागून असलेला, २०२० च्या गलवान संघर्षाची झळ सोसलेला हा प्रदेश आहे. त्याचे स्वतःचे उत्पन्न अल्प आहे. राज्य झाल्यास पोलीस आणि जमीन हे दोन विषय राज्य सरकारकडे जातील आणि सीमेवरील रस्ते, तळ, छावण्या यांसाठी प्रत्येक वेळी वाटाघाटी कराव्या लागतील, ही भीती निराधार म्हणता येत नाही. लोकसंख्येचा मुद्दा मात्र तितका टिकत नाही. १९६३ मध्ये राज्य झालेल्या नागालँडची लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या आत होती. १९७५ मध्ये राज्य झालेल्या सिक्कीमची लोकसंख्या तर त्याआधीच्या जनगणनेत सुमारे दोन लाख दहा हजार, म्हणजे आजच्या लडाखपेक्षाही कमी होती. आणि ही दोन्ही सीमेवरचीच राज्ये आहेत.

गोव्याची पंचवीस वर्षे

केंद्रशासित दर्जा हा शेवटचा मुक्काम नसतो, हे गोव्याच्या उदाहरणातून मराठी माणसाला ठाऊक आहे. १९६१ मध्ये मुक्त झालेला गोवा दमण व दीवसह केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश शासन अधिनियमाखाली त्याला विधानसभा मिळाली. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. त्या मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते : महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित दर्जा कायम ठेवणे. स्वतंत्र राज्य हा पर्याय गोमंतकीयांपुढे ठेवलाच गेला नव्हता आणि हा कौल कसा घ्यायचा हेही पणजीत ठरले नव्हते, त्यासाठी संसदेने कायदा केला होता. राज्याचा दर्जा त्यानंतर वीस वर्षांनी, ३० मे १९८७ रोजी मिळाला. दमण व दीव तेव्हा मागे राहिले. २०२० मध्ये त्यांचे दादरा व नगर हवेलीशी एकत्रीकरण झाले तेही संसदेच्या कायद्याने. तेथे विधानसभा नाही आणि अनुच्छेद २४० लागू आहे.

गोव्याकडे या प्रवासात एक साधन होते, जे लडाखकडे नाही. त्याच्याकडे विधानसभा होती आणि राज्याच्या दर्जाची मागणी ठरावाच्या रूपाने नोंदविण्याची सोय होती. लडाखची मागणी उपोषण, पदयात्रा आणि बंद यांच्याच मार्गाने दिल्लीपर्यंत पोहोचते. मार्च २०२४ मधील २१ दिवसांचे उपोषण, त्याच वर्षी सप्टेंबरअखेर दिल्लीच्या सीमेवर अडविलेली पदयात्रा आणि २०२५ चे उपोषण हा क्रम याची साक्ष देतो.

न्यायालयाचा मार्गही फारसा खुला नाही. अनुच्छेद ३७० प्रकरणी ११ डिसेंबर २०२३ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लडाखला वेगळे करून केंद्रशासित प्रदेश बनविणे वैध ठरविले. संपूर्ण राज्याचे रूपांतर केंद्रशासित प्रदेशात करता येते का, हा प्रश्न मात्र अनिर्णित ठेवला, कारण जम्मू-काश्मीरला राज्याचा दर्जा परत दिला जाईल, असे केंद्राने न्यायालयाला सांगितले होते. त्या आश्वासनातही लडाखच्या केंद्रशासित दर्जाला धक्का लागणार नव्हता.

केंद्र आणि लडाखच्या संघटना यांच्यातील वाटाघाटींतून कोणताही तोडगा निघाला, तरी त्याचे मोजमाप त्याच्या मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदावरून करता येईल. तेथे ‘अनुच्छेद २४० अन्वये’ असे शब्द असतील, तर दिलेले परत घेण्याचा अधिकार गृह मंत्रालयाकडे राहिला. ते संसदेचे साधे विधेयक असेल, तर तो सत्ताधारी बहुमताकडे गेला. घटनादुरुस्ती विधेयक असेल आणि त्यात जमिनीबाबत परिषदेच्या किंवा विधानसभेच्या ठरावाची अट असेल, तरच नकाराचा अधिकार प्रथमच लेह आणि कारगिलकडे जाईल. आजवर जे मान्य झाले, ते सर्व पहिल्या प्रकारातील आहे. आंदोलकांच्या चार मागण्यांपैकी स्थानिक नोकऱ्यांच्या मागणीचा काही भाग त्यात मार्गी लागला, राजपत्रित पदांच्या भरतीसाठी स्वतंत्र लोकसेवा आयोगाची अपेक्षा बाकी राहिली. लेह आणि कारगिलसाठी लोकसभेच्या स्वतंत्र जागा, सहावी अनुसूची आणि राज्याचा दर्जा या उरलेल्या तिन्ही मागण्यांचे उत्तर विनियमाने देता येण्याजोगे नाही. त्यासाठी केंद्राला संसदेतच जावे लागेल.